शंकेचं दस्तक

मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत जायचा. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सांगायची जबाबदारी तो घेत नसे. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार मनाला आला तर. बोरू शक्यतो न उचलता भराभर लिहायचं, हेच या लिपीचं काम. ज्याला ते पत्र जायचं त्याला त्यातला मजकूर अर्धाअधिक आधीच ठाऊक असायचा, म्हणून कुणाचं अडत नव्हतं. अडतं ते अडीचशे वर्षांनी मोबाइलवर त्याचा फोटो येतो तेव्हा.

असा एक फोटो मस्कतहून आला. तिथे नोकरी करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, घोड्यांचे शौकीन. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक कागद होता आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांना अरबीत हवं होतं. मी मोडी वाचतो, पण मला अरबी येत नाही. ज्यांना अरबी येते त्या बाई मूळच्या श्रीवर्धनकडच्या, कॉलेजात अरबी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मोडी येत नाही. त्यामुळे कागद आधी मोडीतून देवनागरीत यायचा आणि मग देवनागरीतून अरबीत जायचा, असे दोन मुक्काम ठरले. आमचे एक स्नेही फोटोवर नजर टाकून म्हणाले, "यात काय आहे? पंधरा घोड्यांचं दस्तक, शहाण्णव साल." एवढं बोलून ते चहाकडे वळले. मोडी धडाधड वाचणाऱ्यांची मला थोडी धास्तीच वाटते. ते कागदावरचं कमी आणि कागदावर जे असायला हवं ते जास्त वाचतात. शंभरातल्या नव्वद वेळा ते एकच असतं, हे खरं. उरलेल्या दहा वेळा कुठल्या, हे मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

'ध चा मा' आता कुणाला आठवला असेल तर तो इथे उपयोगाचा नाही. त्या कथेत अक्षर कुणीतरी मुद्दाम बदललं होतं. आपल्या कागदावर अक्षर जागच्या जागी आहे; बदलतो तो वाचणारा.

पहिला फोटो परत पाठवावा लागला. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बोरूच्या बारीक फटकाऱ्यांचा लगदा होतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूने पडू द्या, आणि चारही कडा दिसू द्या, हेही कळवलं. कारण त्या गृहस्थांनी कोरा समास निरुपयोगी समजून कापून टाकला होता. मागची बाजूही मागवली. शेवटची विनंती त्यांना चमत्कारिक वाटली असणार: कागदाखाली पांढरा कागद ठेवा. पहिला फोटो गडद लाकडी टेबलावर काढलेला होता. कागदाला कसर लागलेली, आणि कसरीच्या प्रत्येक भोकातून खालचं काळं लाकूड दिसत होतं. फोटोत ते हुबेहूब शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं. ज्या लिपीत अनुस्वार मुळात दुर्मीळ, त्या लिपीच्या कागदावर इतके अनुस्वार दिसू लागले की कारकून एकाएकी संस्कृत पंडित झाला असावा असं वाटलं. पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला फोटो आला आणि निम्मे अनुस्वार नाहीसे झाले. किड्याने काय लिहिलं आणि कारकुनाने काय लिहिलं, हे वेगळं करायला याहून स्वस्त उपाय नाही.

मग वाचन. मी ओळीला ओळ ठेवतो. मूळ कागदाची ओळ जिथे तुटते तिथेच माझीही तुटते, मग शब्द मध्ये फुटला तरी चालेल. पहिल्या खेपेला शब्दही पाडत नाही, अक्षरं तेवढी उतरवतो. जिथे खात्री आहे तिथे साधं अक्षर. जिथे अंदाज आहे पण त्याला कारण देता येतं, तिथे अक्षरापुढे कंसात प्रश्नचिन्ह. जिथे कागदच नाही तिथे चौकटी कंस, आणि आत जेवढी अक्षरं मावली असती तेवढे ठिपके. हे काम कंटाळवाणं आहे, आणि तसंच असायला हवं. वाचताना मजा येऊ लागली की समजावं, आपण वाचत नसून रचतो आहोत.

कागद दस्तकच होता, एवढं स्नेह्यांचं बरोबर. घाटावरच्या चौक्यांना आणि जकातीच्या नाक्यांना हुकूम, की अमुक सौदागर घोडे घेऊन पुण्याकडे येत आहे, त्याला जकातीचा तगादा न करणे, मुजाहीम न होणे. असा मजकूर ठरलेल्या साच्यातला असतो, म्हणून तो भराभर उलगडतो. अडचण नेमकी तिथे येते जिथे साचा संपतो: माणूस कोण, घोडे किती आणि साल कुठलं. साच्याबाहेरच्या या तीन जागा सोडल्या तर दस्तकात फारसं काही उरत नाही, आणि या कागदाच्या तीन घड्या नेमक्या या तीन जागांवरून गेल्या होत्या. काजळीची शाई कागदात मुरत नाही, वरच बसते. घडी घातली की तिथून ती खपलीसारखी उडते.

नावापासून सुरुवात केली. ते पूर्ण सांगत नाही, गरजही नाही; भांडण पहिल्या नावाच्या शेवटच्या अक्षराचं होतं. 'साल' स्पष्ट होतं, पुढे घडी. घडीपलीकडे जे उरलं होतं ती 'ले'ची मात्रा असेल तर नाव साले, म्हणजे सालेह. 'म'चा उरलेला पाय असेल तर नाव सालम. दोन्ही अरबांची नेहमीची नावं. मराठीत छापायचं असतं तर मी 'साले (किंवा सालम)' लिहून मोकळा झालो असतो. बाईंना तसं करता येईना. आपल्या एका 'स'च्या वाट्याला अरबीत तीन अक्षरं येतात. सालेह लिहायचा तो 'साद'ने आणि सालिम लिहायचा तो 'सीन'ने. म्हणजे घडीत गेलं शेवटचं अक्षर, आणि त्यापायी अडलं पहिलं.

"तुम्ही शेपूट सांगा, म्हणजे मी डोकं लिहिते," बाई म्हणाल्या.

शेपूट काही मला खात्रीने सांगता आलं नाही. याच कारकुनाने इतरत्र लिहिलेले सगळे 'म' आणि सगळ्या मात्रा फोटोतून कापून एका ओळीत लावल्या. याचा 'म' खाली जाताना डावीकडे झुकतो आणि घडीपलीकडचा तुकडा सरळ उभा आहे, म्हणून मी 'साले'कडे कललो. कारण लिहिलं आणि प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. बाईंनी अरबीत सालेह लिहून तळटीपेत सालिम दिला.

घोड्यांच्या संख्येला मात्र व्याकरणच आडवं आलं. 'घोडे रास' हे स्वच्छ होतं, त्यापुढे ५ चा आकडाही. त्या दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ होती. ती 'रास'मधल्या 'स'च्या लांबवलेल्या फटकाऱ्याचं टोक असेल तर घोडे पाच. ती १ असेल तर पंधरा. अक्षरी संख्या पुढे लिहिलेली असणार, पण तिथे कसरीने जेवण उरकलं होतं. मी लिहिलं: ५, किंवा १५ (?).

बाई म्हणाल्या, "असं चालणार नाही. पाच घोडे असतील तर मी घोडे अनेकवचनात लिहीन. पंधरा असतील तर एकवचनात."

"पंधरा आणि एकवचन?"

"तीनपासून दहापर्यंत अनेकवचन, अकरापासून पुढे एकवचन. दोन असते तर द्विवचन. मराठीत तुमचे घोडे कितीही असोत, घोडेच राहतात. आमच्याकडे आधी मोजावे लागतात."

एखादी शंका मराठीत सुखाने नांदते आणि अरबीत तिला उभं राहायलाही जागा मिळत नाही, ती अशी. मी ती कंसात बसवली होती. अरबीत ती शब्दाच्या रूपातच शिरते. रूप एकदा निवडलं की वाचणाऱ्याला इथे कधी शंका होती, याचा मागमूस लागत नाही. सरहद्द ओलांडताना शंकेलाही दस्तक लागतं. ते दिलं नाही तर ती अलीकडच्या नाक्यावरच अडकते आणि पलीकडे फक्त खात्री पोचते. शेवटी बाईंनीच वाट काढली. वाक्य मोडून त्यांनी 'घोड्यांची संख्या' असं लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली आणि आकडा टाकला. आकड्याला व्याकरण नसतं. तपासताना मला तिथे शून्य दिसलं आणि सगळे घोडे परत गेले की काय असं वाटलं. अरबी पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो, हे बाईंनी शांतपणे सांगितलं.

जकातीचा मात्र मामला लहान होता. हा शब्द आपल्याकडे अरबीतूनच आला, पण तिकडे जकात म्हणजे धर्माने लावून दिलेलं दान. पेशव्यांनी एका मुसलमान सौदागराला ती माफ केली असं मस्कतमध्ये वाचलं गेलं असतं, तर पेशव्यांचा अधिकार कुठवर चालत होता, याविषयी तिकडे भलताच समज झाला असता. बाईंनी व्यापारावरच्या करासाठीचा जुना शब्द 'मुकूस' घातला आणि पुढे गेल्या.

खरी कुस्ती झाली ती सालावर. पेशवाईतल्या कागदांवर बहुतेक वेळा सुहूर सन असतो, आणि त्याचे आकडे अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिण्याची रीत होती: आधी एकं, मग दहं, मग शंभर, मग हजार. आमच्या कागदावर 'सु॥ सीत' एवढं ठळक होतं, मग घडी, मग 'मया व अलफ'. सीत म्हणजे सहा, मया शंभर, अलफ हजार. घडीत गेलेल्या दहंच्या शब्दाची पहिल्या अक्षरावरची वेलांटी दिसत होती आणि शेवटचा 'न' दिसत होता. आता साठाला 'सितैन' म्हणतात आणि नव्वदाला 'तिसैन'. तीच दोन अक्षरं, पुढची मागे आणि मागची पुढे. वेलांटी दोन्हींत पहिल्या अक्षरावर, मात्रा दोन्हींत दुसऱ्यावर. ज्याने हे शब्द पहिल्यांदा मराठी कारकुनांच्या हाती दिले, त्याला पुढे घड्या पडणार याची कल्पना नसावी. साठ वाचलं तर सन ११६६, नव्वद वाचलं तर ११९६. स्नेह्यांनी चहाआधी वाचलेलं शहाण्णव ते हेच.

सुदैव एवढंच, की कारकुनाने नमुना शेजारीच ठेवला होता. 'सीत' या शब्दात त्याचा 'स' आणि त्याचा 'त' दोन्ही आहेत, त्याच ओळीत, त्याच बोरूने, त्याच शाईने. ते दोन उचलून घडीच्या दोन्ही बाजूंना ठेवून पाहिले. घडीतल्या दुसऱ्या अक्षराचा जो खालचा गोलवा उरला होता तो 'त'शी जास्त जमत होता, म्हणजे साठ. पण 'जास्त जमत होता' हे वाक्य न्यायालयात टिकणारं नाही, आणि अक्षराला अक्षराचीच साक्ष काढून तीस वर्षांचा निकाल देणं मला पटत नव्हतं. साक्षीदार बाहेरचा हवा.

शिक्का होता. त्यावर 'माधवराव' वाचता येत होतं आणि शेवटचं 'प्रधान' वाचता येत होतं. मधलं वडिलांचं नाव शाई दाटून बुजलेलं. आता इतिहासाची थट्टा बघा. ११६६ म्हटलं तर थोरले माधवराव, माधवराव बल्लाळ. ११९६ म्हटलं तरी माधवराव, ते सवाई, माधवराव नारायण. ज्या दोन सालांत मला निवड करायची होती, त्या दोन्ही सालांत पेशवे माधवरावच. साक्षीदार आला खरा, पण दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलून गेला.

उरला महिना. कागदाच्या शेवटी 'जाणिजे छ ७' आणि पुढे महिन्याचं नाव. 'छ' म्हणजे चंद्राची तारीख, चांद्र महिन्यातला सातवा दिवस. महिना 'र'ने सुरू होत होता. पण रमजान, रजब, रबिलावल, रबिलाखर, सगळेच 'र'चे. त्यामुळे या एका शब्दावर मी इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवला, कारण निकाल त्याच्यावरच लागणार होता. सुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतो. तो ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सनात येतो. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना ५९९, जानेवारीपासून पुढे ६००. त्या हिशेबाने ११९६ हे १७९५ च्या मृगापासून १७९६ च्या मृगापर्यंत. त्या वर्षातला रबिलावल पडतो सप्टेंबर-ऑक्टोबर १७९५ मध्ये. सवाई माधवराव गेले २७ ऑक्टोबर १७९५ ला. म्हणजे महिना रबिलावल असता तर ते हयात, आणि शहाण्णव साल शक्य. पण रमजान असेल तर तो मार्च १७९६ मध्ये पडतो, आणि त्या मार्चमध्ये पुण्याच्या गादीवर माधवराव नावाचा कुणीच पेशवा नव्हता. नाना फडणवीस आणि बाकीची मंडळी नवा पेशवा कुणाला करायचं याच्या खटपटीत होती. रजब असता तरी तो जानेवारीतला, म्हणून निकाल तोच.

'र'नंतरचं अक्षर गोल पोटाचं नव्हतं, म्हणून 'ब' नाही. त्यानंतर 'जा' आणि 'न' दिसत होते. पाठीमागच्या बाजूने काढलेल्या फोटोत पुढची अक्षरं कागदातून पुसट दिसत होती, तो फोटो आरशासारखा उलटवून पुढच्यावर ठेवला, तेव्हा 'म'चा डावीकडे झुकणारा पायही सापडला. रमजान. शहाण्णव बाद झालं, सासष्ट राहिलं. ११६६ चा रमजान म्हणजे फेब्रुवारी-मार्च १७६६, आणि सातवा चंद्र म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. थोरले माधवराव १७६१ पासून १७७२ पर्यंत पेशवे होते, तेव्हा शिक्काही जुळला. इथलं प्रश्नचिन्ह मी काढलं, पण का काढलं ते टीपेत लिहिलं. म्हणजे उद्या कुणाला माझा 'म' पटला नाही तर त्याला कुठून उसवायचं ते कळावं.

हे सगळं घेऊन मी बाईंकडे गेलो तर त्यांचं साल आधीच तयार होतं. माझ्या देवनागरी प्रतीवरून त्यांनी नुसतं मोठ्याने वाचलं होतं: सीत, सितैन, मया, अलफ. "हे तर आमचेच आकडे की," त्या खुशीत म्हणाल्या. महिनाही रमजान. मग अडचण कसली? हिजरी ११६६ चा रमजान, म्हणजे इसवी १७५३ चा जुलै. त्यांनी तसं लिहूनही ठेवलं होतं, आणि मस्कतमधल्या कुठल्याही वाचकाने तेच केलं असतं.

आकडे अरबी, महिने अरबी आणि सन मात्र हिजरी नाही, हे अरबी जाणणाऱ्या माणसाला पटवणं कठीण असतं. सुहूर सन आणि हिजरी सन एकदा बरोबर होते, हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इसवी १३४४ ला. तो मुहम्मद तुघलकाचा काळ. सारा वसूल करायचा तर पीक हाती यायला हवं, आणि हिजरी वर्ष चांद्र असल्याने दरसाल अकरा दिवसांनी पिकाच्या पुढे पळतं. म्हणून दख्खनमध्ये सन तोच ठेवून वर्ष तेवढं सौर केलं, मृगाला बांधलं. तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. हिजरी दरसाल अकरा दिवस पुढे निघून जात राहिला आणि चारशे वर्षांत तो तेरा वर्षांनी पुढे गेला. आमचा कागद लिहिला गेला तेव्हा मस्कतमध्ये हिजरी ११७९ चालू होतं, आणि पुण्याचा कारकून त्यांच्याच आकड्यांत ११६६ लिहीत होता. दिवस आणि महिना मात्र त्याने चांद्रच ठेवला. एकाच तारखेत वर्ष सूर्याचं आणि महिना चंद्राचा, आणि पेशव्यांच्या दफ्तरात कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

बाई बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "१७५३ ला पेशवे कोण?"

"नानासाहेब."

"शिक्क्यावर?"

"माधवराव."

त्यांनी १७५३ खोडलं. अरबीत त्यांनी सन जसाच्या तसा शब्दांत ठेवला, कारण तो मूळ कागदाचा आहे. त्यापुढे कंसात 'सुहूर, हिजरी नव्हे' असं लिहून हिजरी ११७९ आणि इसवी १७६६ दिलं. टीप दस्तकापेक्षा लांब झाली. दस्तक नऊ ओळींचं आहे.

तयार मजकूर मस्कतला गेला: दोन प्रश्नचिन्हं, एक चौकटी कंस, तळटिपा. अरबीत प्रश्नचिन्हाचं तोंड उलट्या बाजूला असतं, त्यामुळे माझ्या शंका निदान नव्या दिसत होत्या. उत्तर आलं, फार छान, मनापासून आभार. फक्त दिवाणखान्यात फ्रेम करून लावायचं आहे, तर प्रश्नचिन्हं काढलेली एक स्वच्छ प्रत मिळेल का? आणि घोडे पंधरा केले तर बरं दिसेल.

मी तो निरोप बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि मोबाइल माझ्या हातून घेऊन स्वतःच उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते नंतर मराठीत सांगितलं: फ्रेम करायची तर मूळ कागदाचीच करा, त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही.